कार्यालयीन इंग्रजी संदेशांतील दोन शब्दजोड्या : 'देन–दॅन' आणि 'इफ–व्हेदर' यांच्या अदलाबदलीचा मराठी व्याकरणाच्या आधारे विचार

सारांश :

पुणे शहरातील माहिती तंत्रज्ञान व सेवाक्षेत्रातील कार्यालयांत मराठी मातृभाषा असलेला कर्मचारी दिवसभर लहान इंग्रजी संदेश लिहीत असतो. घाईत लिहिलेल्या अशा उत्तरांत 'देन' व 'दॅन' आणि 'इफ' व 'व्हेदर' या शब्दांची अदलाबदल होते. या दोन्ही चुका एकाच प्रकारच्या मानल्या जातात. प्रत्यक्षात पहिली लेखनाची चूक असून वाचक ती बहुधा दुरुस्त करून घेतो. दुसरीत मात्र वाक्य शुद्ध राहूनही 'उत्तर द्यायचे आहे की नाही' हेच अनिश्चित होते. मराठीतील 'पेक्षा', 'तर' आणि 'की नाही' यांच्या साहाय्याने हा भेद कसा ओळखता येतो, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : कार्यालयीन इंग्रजी, तुलनावाचक शब्दयोगी अव्यय, संकेतार्थ, अप्रत्यक्ष प्रश्न, मराठी मातृभाषक.

प्रस्तावना :

खराडी, मगरपट्टा, बाणेर अशा भागांतील कार्यालयांत काम करणारा कर्मचारी शेजारच्या सहकाऱ्याशी मराठीत बोलतो आणि त्याच सहकाऱ्याला संगणकावरून इंग्रजीत लिहितो. पूर्वीच्या कार्यालयीन पत्राचा मसुदा होत असे, वरिष्ठ तो तपासत, मग टंकलेखन होई. आजचा संदेश लिहिणाऱ्याच्या बोटांतून थेट वाचणाऱ्याच्या पडद्यावर जातो. त्यामुळे पूर्वी मसुद्यातच गळून पडणाऱ्या चुका आता वाचकापर्यंत पोहोचतात.

यांपैकी दोन शब्दजोड्यांचा येथे विचार करावयाचा आहे. पहिली जोडी 'देन' (मग, तेव्हा, तर) आणि 'दॅन' (पेक्षा) यांची, तर दुसरी 'इफ' (जर) आणि 'व्हेदर' (आहे की नाही, हे की ते) यांची आहे. इंग्रजीच्या वर्गात या दोन्ही जोड्या 'नेहमी गोंधळ होणारे शब्द' या एकाच मथळ्याखाली शिकविल्या जातात. परंतु त्यांतील गोंधळाची कारणे भिन्न आहेत आणि परिणामही भिन्न आहेत.

'देन' आणि 'दॅन' : एका शब्दाची दोन रूपे

या दोन शब्दांतील साम्य योगायोगाने आलेले नाही. प्राचीन इंग्रजीत हा मुळात एकच शब्द होता. 'हा त्याच्याहून मोठा' असे म्हणताना 'हा मोठा, मग तो' अशा क्रमाची कल्पना त्यात होती, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. पुढे दोन अर्थांसाठी दोन स्पेलिंगे वेगळी होत गेली. तरीही ती दीर्घकाळ परस्परांच्या जागी वापरली जात होती. 1623 साली प्रसिद्ध झालेल्या शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित आवृत्तीत तुलनेच्या ठिकाणी 'देन'चे स्पेलिंग सर्रास आढळते. आजच्या अर्थाने हा भेद साधारणपणे 1700 च्या सुमारास स्थिर झाला. म्हणजे आज जी ढोबळ चूक मानली जाते, ती चार शतकांपूर्वी छापखान्यातील रूढ लेखनपद्धती होती.

इंग्रजी मातृभाषक ही चूक करतो ती मुख्यतः उच्चारामुळे. वाक्यात 'दॅन'वर आघात येत नाही, त्याचा स्वर दुर्बल होतो आणि तो जवळजवळ 'दन' असा ऐकू येतो. कानाला स्वर स्पष्ट न मिळाल्यामुळे हात चुकीचे अक्षर लिहितो. मराठी भाषक मात्र इंग्रजी बोलताना असा दुर्बल उच्चार सहसा करीत नाही. तो प्रत्येक शब्द पूर्ण उच्चारतो. त्याची अडचण स्वराच्या ओळखीची आहे. 'बॅट', 'बँक', 'कॅप' यांतील स्वर मराठीत प्रामुख्याने इंग्रजी शब्दांबरोबर रुळला आणि त्यासाठी अर्धचंद्राचे चिन्ह स्वीकारावे लागले. महाराष्ट्र शासनाच्या 2009 च्या वर्णमालाविषयक निर्णयात 'ॲ' व 'ऑ' या स्वरांना मराठी वर्णमालेत स्थान देण्यात आले. ज्याच्या उच्चारात 'मोर दॅन' आणि 'मोर देन' यांत फरक राहिलेला नाही, त्याला लिहितानाही तो फरक आठवत नाही. देवनागरीत मात्र हा भेद एका चिन्हाने डोळ्यांना दिसतो. 'दॅन'वर चंद्र आहे आणि तो इंग्रजी 'ए' या अक्षराचा आहे. 'देन'वर साधी मात्रा आहे आणि ती 'ई' या अक्षराची आहे.

संगणकावर काम करणाऱ्यांच्या बाबतीत सवयीचाही भाग असणे शक्य आहे. आज्ञावलीत 'देन' हा शब्द प्रत्यक्ष लिहावा लागतो. 'पेक्षा जास्त' हा अर्थ मात्र केवळ चिन्हाने दाखविला जातो. विदासंचाला विचारावयाच्या पुढील ओळीत हे दिसते :

```
CASE WHEN amount > 20000 THEN 'HOLD' ELSE 'PASS' END
```

येथे तुलनेचे काम `>` या चिन्हाने केले असून `THEN` हा शब्द अटीनंतरची कृती सांगतो. अशा ओळी रोज लिहिणाऱ्याच्या बोटांना 'देन' सवयीचा असतो. 'दॅन' लिहिण्याची वेळ त्याच्यावर फक्त माणसांना उद्देशून लिहितानाच येते.

ही चूक केव्हा निरुपद्रवी आणि केव्हा घातक ?

'धिस व्हर्जन इज बेटर देन द ओल्ड वन' असे लिहिले गेले तरी अर्थ बिघडत नाही. 'बेटर' या शब्दाने तुलनेची अपेक्षा आधीच निर्माण केलेली असते आणि पुढे तुलनेचा विषयही येतो. वाचक मनातल्या मनात चंद्र काढून वाक्य पूर्ण करतो. लिहिणाऱ्याविषयी त्याचे मत थोडे खाली येईल, पण काम अडणार नाही. बहुसंख्य चुका या प्रकारच्या असतात.

अडचण होते ती अट आणि तुलना एकाच वाक्यात आल्यावर. एखाद्या विमाविषयक सेवाकेंद्रात वरिष्ठाने घाईत पुढील सूचना पाठविली, असे समजावे : 'इफ द क्लेम इज मोर देन 20000 होल्ड.' स्वल्पविराम नाही. या वाक्याची दोन मराठी रूपे संभवतात :

(अ) दावा 20000 पेक्षा जास्त असेल तर तो थांबवा.

(आ) दावा (मंजूर रकमेहून) जास्त असेल तर 20000 रुपये थांबवा.

पहिल्या वाचनात 'देन' ही 'दॅन'ची चूक ठरते आणि 'तर'साठी कोणताच शब्द उरत नाही. इंग्रजीत तो नसला तरी चालतो. दुसऱ्या वाचनात 'देन' योग्यच आहे, फक्त शब्दक्रम थोडा ओबडधोबड आहे. 25000 रुपयांचा दावा समोर आल्यास पहिल्या अर्थाने संपूर्ण रक्कम थांबेल, तर दुसऱ्या अर्थाने 5000 रुपये अदा होतील. दोन्ही वाचने शक्य असल्यामुळे वाचकाला चूक झाल्याची शंकाही येत नाही. 'मोर', 'लेस', 'लेटर', 'अर्लिअर' यांसारख्या शब्दांपूर्वी 'इफ' असेल आणि नंतर आकडा, तारीख किंवा वेळ असेल, तर ते वाक्य पाठविण्यापूर्वी पुन्हा वाचावयास हवे, इतका व्यावहारिक बोध यातून निघतो.

जुन्या स्पेलिंग-तपासनीस प्रणालींना ही चूक सापडत नसे, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या 2007 च्या आवृत्तीपासून संदर्भ पाहून स्पेलिंग तपासण्याची सोय आली. 'बेटर देन' सारखी चूक अशा प्रणालीला पकडता येते. वर दिलेल्या वाक्यात मात्र दोन्ही शब्द व्याकरणदृष्ट्या बसतात, त्यामुळे तेथे अशा सोयीवर विसंबता येत नाही.

'पेक्षा'ची कसोटी आणि तिची मर्यादा :

मराठीत हा गोंधळ होऊच शकत नाही. 'पेक्षा' हे तुलनावाचक शब्दयोगी अव्यय नामाला जोडून येते, तर 'तर' हे संकेतबोधक उभयान्वयी अव्यय दोन वाक्यांच्या सांध्यावर उभे राहते. त्यांची रूपे वेगळी आणि स्थानेही वेगळी. म्हणून मराठी भाषकासाठी सर्वांत सोपी कसोटी भाषांतराची आहे. मनातल्या वाक्यात 'पेक्षा' किंवा 'हून' येत असेल तर 'दॅन', आणि 'मग', 'तेव्हा' किंवा 'तर' येत असेल तर 'देन'.

या कसोटीला तीन अपवाद ध्यानात ठेवावे लागतात. 'रादर दॅन'चे मराठी 'ऐवजी' असे होते. 'अदर दॅन'चे 'व्यतिरिक्त' असे होते. तिसरा अपवाद अधिक फसवा आहे. 'नो सूनर' या शब्दांनी सुरू होणाऱ्या वाक्यात पुढे 'दॅन'च लागतो, पण त्याचे मराठी 'तो निघतो न निघतो तोच' असे होते. 'तोच' हा कालवाचक असल्याने मराठी भाषकाचा हात तेथे 'देन'कडे जातो. या वाक्यरचनेत 'सूनर' हे तुलनेचे रूप आहे, एवढे लक्षात ठेवले की 'दॅन' का, हे कळते.

'इफ' आणि 'व्हेदर' : एक फाटा की दोन ?

दुसऱ्या जोडीतील 'व्हेदर' या शब्दाचे मूळ मराठी वाचकाला अनपेक्षितपणे जवळचे आहे. प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ 'दोहोंपैकी कोणता' असा होता. संस्कृतातील 'कतर' हा शब्द त्याचा सगोत्र आहे. दोहोंपैकी एकाचे निर्धारण करावयाचे असता 'किम्' या सर्वनामाला लागणारा प्रत्यय पाणिनीने सांगितला आहे आणि त्यापासून 'कतर' सिद्ध होतो. अनेकांपैकी कोणता हे विचारावयाचे असेल तर 'कतम' होतो. 'व्हेदर'मधील शेवटचा अंश आणि 'कतर'मधील 'तर' हे एकाच प्राचीन प्रत्ययाचे वंशज आहेत. म्हणजे 'व्हेदर'च्या घडणीतच दोन पर्याय समाविष्ट आहेत. 'ऑर नॉट' हे शब्द पुढे लिहिले नाहीत तरी ते त्यात अध्याहृत असतात.

'इफ'चे मुख्य काम वेगळे आहे. तो एक अट सांगतो आणि त्या अटीच्या पूर्ततेवर पुढील कृती अवलंबून ठेवतो. अट पूर्ण न झाल्यास काय करावे, याविषयी तो मौन पाळतो. 'इफ'ला एकच फाटा आहे, 'व्हेदर'ला दोन आहेत.

मात्र इंग्रजीत 'विचारणे', 'माहीत असणे', 'पाहणे' अशा अर्थाच्या क्रियापदांनंतर अप्रत्यक्ष प्रश्नासाठीही 'इफ' वापरण्याची जुनी प्रथा आहे. 'आस्क हिम इफ ही इज कमिंग' हे वाक्य शुद्ध आहे आणि त्याचा अर्थ 'तो येणार आहे की नाही ते त्याला विचारा' असाच आहे. म्हणून अशा प्रत्येक 'इफ'ला चूक ठरविणे योग्य नाही. जेथे 'इफ' चालत नाही अशी ठिकाणे मोजकी आहेत. शब्दयोगी अव्ययासारख्या 'ऑन', 'अबाउट' इत्यादी शब्दांनंतर, 'टू' लावलेल्या क्रियापदापूर्वी आणि 'ऑर नॉट'च्या लगेच आधी 'व्हेदर'च लागतो. 'व्हेदर टू सेंड' हे बरोबर, 'इफ टू सेंड' हे चूक.

मराठी भाषकाच्या लेखनात आणखी एक रूप आढळते. 'त्याला विचारले की तो येणार का' या वाक्यातील 'की' इंग्रजीत नेऊन 'आस्क्ड हिम दॅट व्हेदर' असे लिहिले जाते. मराठीत 'की' वाक्याचे स्वरूप सांगतो आणि 'का' प्रश्न विचारतो, त्यामुळे दोन्ही शब्द लागतात. इंग्रजीत ही दोन्ही कामे 'व्हेदर' एकटाच करतो, म्हणून तेथे 'दॅट' नको.

'कळवा' या क्रियापदापाशी होणारी कोंडी :

खरी अडचण 'लेट अस नो' म्हणजे 'कळवा' या अर्थाच्या शब्दांनंतर येते. येथे 'इफ' अटही सांगू शकतो आणि प्रश्नही विचारू शकतो. पुण्यातील गटाने न्यूयॉर्कमधील सहकाऱ्याला महिनाअखेरीची माहिती असलेली फाइल पाठविली आहे, असे उदाहरण घ्यावे. उन्हाळ्यात पुण्याचे घड्याळ न्यूयॉर्कच्या साडेनऊ तास पुढे असते, हिवाळ्यात साडेदहा तास. शुक्रवारी सायंकाळी 6.30 वाजता, म्हणजे तेथील सकाळी 9 वाजता, संदेश जातो : 'प्लीज लेट अस नो इफ द फाइल इज इनकंप्लीट.' पुण्याच्या गटाला अभिप्रेत आहे : 'फाइल अपूर्ण आहे की नाही ते कळवा', कारण सोमवारी सकाळी त्या फाइलवर पुढील प्रक्रिया सुरू करावयाची आहे. वाचणारा अर्थ घेतो : 'फाइल अपूर्ण असेल तर कळवा.' त्याच्या दृष्टीने हे तातडीचे काम नाही. कधी उघडून पाहिली आणि त्रुटी दिसली, तर लिहावयाचे.

सोमवारी सकाळी 9 वाजता पुण्यात उत्तर आलेले नसते. या मौनाचा अर्थ काय ? फाइल तपासली आणि ती पूर्ण आहे, फाइल अद्याप तपासलेलीच नाही, संदेश वाचलाच गेला नाही, किंवा त्रुटी सापडली पण उत्तर लिहावयाचे राहिले, असे चार अर्थ संभवतात. त्यांतील एकच अर्थ पुढे जाण्यास अनुमती देतो. आणि खुलासा विचारावा तर न्यूयॉर्कमध्ये त्या वेळी रविवारची रात्र, 11.30 वाजलेले आहेत. तेथील कार्यालय उघडेपर्यंत पुण्याचा संपूर्ण दिवस जातो. वाट पाहिली तर दिवस गेला, न पाहता पुढे गेले तर अपूर्ण माहितीवर प्रक्रिया होण्याचा धोका.

त्याच जागी 'व्हेदर' असता तर वाचकाला 'पूर्ण आहे' असेही उत्तर देणे भाग होते. त्यानेही कदाचित उत्तर दिले नसते, पण मग त्या मौनाला एकच अर्थ राहिला असता : उत्तर अद्याप मिळालेले नाही. हे पुण्याच्या गटाला शुक्रवारी रात्रीच, न्यूयॉर्कचे कार्यालय सुरू असताना, लक्षात आले असते आणि दूरध्वनी करता आला असता. या जोडीतील अदलाबदलीचे मर्म येथे आहे. 'इफ'मुळे मौन हेही उत्तर ठरू शकते. 'व्हेदर'मुळे मौन हा केवळ उत्तराचा अभाव ठरतो.

उलट दिशेची अदलाबदलही निर्दोष नाही. 40 जणांच्या विभागाला 'दिवाळीत जादा रजा हवी असेल तर कळवा' असे सांगावयाचे असताना 'इफ'ऐवजी 'व्हेदर' लिहिले, तर ज्यांना रजा नको आहे त्यांनीही उत्तर देणे अपेक्षित ठरते. तीन जणांच्या होकारासाठी 37 नकार वाचावे लागतात. म्हणजे 'व्हेदर' अधिक औपचारिक म्हणून सर्वत्र तोच वापरावा, हा उपाय नव्हे.

मराठी वाक्य काय सांगते ?

मराठीत हे दोन अर्थ दोन खुणांनी वेगळे राहतात. 'फाइल अपूर्ण असेल तर कळवा' यात 'तर' आहे आणि क्रियापद 'असेल' असे अनिश्चिततेचे आहे. 'फाइल अपूर्ण आहे की नाही ते कळवा' यात 'की नाही' आहे, क्रियापद 'आहे' असे आहे आणि 'ते' हे सर्वनाम 'कळवा'चे कर्म म्हणून उभे आहे. दुसऱ्या वाक्यात कळविण्याची वस्तू निश्चित आहे, पहिल्या वाक्यात कळविण्याचा प्रसंग सांगितला आहे. इंग्रजीतील एका 'इफ'मध्ये या सर्व खुणा लोपतात. म्हणून संदेश लिहिण्यापूर्वी तेच वाक्य मनात मराठीत म्हणून पाहावे. 'तर कळवा' आले तर 'इफ', 'की नाही ते कळवा' आले तर 'व्हेदर'.

उत्तर देणाऱ्यासही ही कसोटी उपयोगी आहे. संदिग्ध 'इफ' असलेला संदेश आल्यास केवळ 'येस' किंवा 'ओके' असे लिहून चालत नाही. 'येस' म्हणजे अपूर्ण आहे, की संदेश मिळाला, की कळवितो ? 'फाइल तपासली, पूर्ण आहे' असे चार शब्दांचे विधान पाठविल्यास मूळ प्रश्नातील संदिग्धता उत्तरात उतरत नाही.

निष्कर्ष :

1. 'देन–दॅन' ही मुख्यतः स्पेलिंगची चूक आहे. अट आणि संख्यात्मक तुलना एकाच वाक्यात आली तरच ती अर्थ बदलते. अशा वाक्यात 'पेक्षा'ची कसोटी लावावी आणि अटीनंतर स्वल्पविराम द्यावा.

2. 'व्हेदर'च्या जागी 'इफ' ही बहुतेक वेळा चूक नसते, त्यामुळे ती कोणत्याही तपासणीत सापडत नाही. 'कळवा' या अर्थाच्या शब्दांनंतर मात्र ती उत्तराची जबाबदारी अनिश्चित करते.

3. दोन्ही जोड्यांतील भेद मराठीत स्वतंत्र शब्दांनी व क्रियापदाच्या रूपांनी आधीच व्यक्त होतो. मराठी माध्यमातून आलेल्या कर्मचाऱ्याला इंग्रजी लिहिताना मातृभाषा विसरण्याचा सल्ला वारंवार दिला जातो. निदान या चार शब्दांपुरता तो सल्ला उलटा ठरतो. शंका आल्यास त्याने 'पेक्षा', 'तर' आणि 'की नाही' यांच्याकडेच वळावे.